अगं, आज तुला पन्नास पूर्ण

लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या वाढदिवसाला चार ओळी लिहायला बसवा. दहा मिनिटांनी कागदावर बहुधा हे उमटलेलं दिसेल : ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. सुखदुःखात तू मला खंबीर साथ दिलीस. तू नसतीस तर हे घर उभं राहिलं नसतं. माझा राग सहन केलास, माझ्या आईवडिलांची सेवा केलीस. मी खरंच भाग्यवान आहे. अशीच माझ्या पाठीशी उभी राहा.’

यात खोटं एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला आहे. तरी ती वाचते, ‘बरं’ म्हणते आणि गॅसवरचं दूध बघायला जाते. असं का होतं, हे त्या मजकुरातच शोधता येतं. पेन्सिल घ्यावी आणि ‘मी, मला, माझा, माझ्या’ या शब्दांखाली रेघा ओढाव्यात. जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक रेघ येते. वाढदिवस तिचा आहे, पण मजकूर त्याच्याविषयी आहे. ती इथे दिसते ती त्याची साथ, त्याचा आधार, त्याच्या आईवडिलांची सेवा या रूपांत. ती स्वतः कशी आहे, या वर्षी तिनं काय केलं, यातलं काहीच नाही. शेवटचं वाक्य तर शुभेच्छाही नाही, मागणी आहे.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. हाच कागद शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या बायकोला दिला तर चालेल का? चालत असेल तर तो कोणालाच उद्देशून लिहिलेला नाही. मोबाइलवर सकाळी येणारे गुलाबाच्या चित्राचे, यमक जुळवलेले संदेश याच परीक्षेत नापास होतात. त्यांच्यात कविता असते म्हणून नव्हे, तर पत्ता नसतो म्हणून.

पहिल्या रेघांच्या परीक्षेला थोडा शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना एकमेकांसमोर बसवलं आणि जोडीदारानं केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार मानायला सांगितलं. मग त्या बोलण्याचे दोन भाग वेगळे काढले. एक भाग ‘त्यामुळे माझं काय भलं झालं’ हे सांगणारा, दुसरा ‘त्यातून तू कसा माणूस आहेस हे दिसलं’ हे सांगणारा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऐकणाऱ्याला आपल्याला समजून घेतलं गेलं असं वाटणं, बरं वाटणं, याचा संबंध दुसऱ्या भागाशी दिसला. स्वतःचा फायदा कितीही वर्णन केला तरी तसा परिणाम दिसला नाही. अभ्यास परक्या देशातला आणि एका बैठकीपुरता आहे, तेव्हा त्यावरून फार मोठा इमला उभारू नये. पण आपल्या घरातलं उदाहरण घेतलं तर फरक लगेच कळतो. ‘तू डबा दिलास म्हणून माझी उपासमार टळली’ हे एक वाक्य. ‘आदल्या रात्री तुला ताप होता, तरी माझी सकाळची गाडी तुझ्या लक्षात होती’ हे दुसरं. दुसऱ्या वाक्यात ती दिसते.

ती दिसायला हवी हे कळलं तरी लिहायला बसल्यावर काही आठवत नाही, ही खरी अडचण आहे. इतकी वर्षं एका छताखाली राहून काही सुचू नये, याची लोकांना लाज वाटते. वाटू नये. कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवरा आणि बायको दोघांनाही वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टीतही दोघांनी आपलाच वाटा जास्त सांगितला, म्हणजे हा फक्त बढाईचा प्रकार नव्हता. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्यानं केलेलं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलंच नसतं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणून वाढदिवसाच्या आदल्या रात्री डोकं खाजवत बसण्यात अर्थ नाही. साहित्य आठवडाभर आधीपासून गोळा करावं लागतं, आणि ते आठवून नव्हे, बघून.

बघायचं कुठे? घरातल्या दिनदर्शिकेवर बघावं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाच्या तरी बारशाची वेळ, डॉक्टरांकडची पुढची तारीख, हे सगळं ज्या अक्षरात लिहिलेलं असतं ते अक्षर कोणाचं आहे ते बघावं. फोनमधले वर्षभराचे फोटो उलट्या क्रमानं पाहावेत. फोटो काढणारी व्यक्ती फोटोत नसते, हेही लक्षात येतं. मुलं मोठी असतील तर त्यांना विचारावं. मुलांना आईबापांविषयी अशा गोष्टी माहीत असतात, ज्या त्या दोघांनाही माहीत नसतात.

गोळा करताना तीन प्रश्न पुरतात. या वर्षी तिनं असं काय केलं जे आधी कधी केलं नव्हतं? असं कोणतं काम आहे जे ती रोज करते आणि ती आठ दिवस बाहेरगावी गेल्यावरच घराला कळतं? आणि कोणत्या बाबतीत तिचं मत माझ्यापेक्षा वेगळं होतं आणि पुढे तिचं बरोबर निघालं? हा तिसरा प्रश्न पुरुष सहसा टाळतात. खरी वाक्यं मात्र बहुधा त्यातूनच निघतात.

उदाहरण म्हणून एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. सातारा जिल्ह्यातलं, लग्नाला चोवीस वर्षं झालेलं. नवरा वीज कंपनीच्या कार्यालयात, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला पन्नास पूर्ण होताहेत. वर दिलेला ‘सुखदुःखात साथ’ हा मजकूर याच नवऱ्याचा पहिला मसुदा समजा.

तीन प्रश्नांची उत्तरं त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहिली. जूनमध्ये तिची बदली झाली, कऱ्हाडकडच्या उसाच्या पट्ट्यात. बस वेळेवर नाही, म्हणून तिनं स्कूटर शिकायला घेतली. तो म्हणत होता, बदली रद्द करून घेऊ. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं तिच्या वर्गात आली. त्यांना बोलतं करण्याची तिची एक पद्धत आहे. सासूबाईंच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा ती रविवारी रात्री भरते. तिचा डावा गुडघा दुखतो. भेटवस्तूंचे रंगीत कागद ती न फाडता सोडवते आणि गादीखाली घालून सपाट करते. मुलीच्या बारावीच्या वर्षी तिनं टीव्हीची केबल काढून टाकली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोघं महाबळेश्वरला गेले तेव्हा पावसात गाडी बंद पडली होती.

दुसऱ्या मसुद्यात त्यानं हे सगळं घातलं. लग्नापासून आजपर्यंत, सालवार. मजकूर दीड पानांचा झाला आणि सेवापुस्तकासारखा दिसू लागला. ही दुसऱ्या मसुद्याची नेहमीची खोड आहे. साहित्य सापडल्याच्या आनंदात माणूस सगळंच ओततो. वाचणाऱ्याला मग कळत नाही की यातलं महत्त्वाचं काय. वाढदिवस दर वर्षी येतो, त्यामुळे चोवीस वर्षांचा हिशेब एका दिवसात चुकता करायची गरज नाही. महाबळेश्वर, केबल आणि रंगीत कागद त्यानं पुढच्या वर्षांसाठी ठेवले. शेवटी उरलं ते असं :

‘अगं, आज तुला पन्नास पूर्ण.

जूनमध्ये बदलीचा कागद आला तेव्हा मी म्हणालो होतो, अर्ज करू, रद्द करून घेऊ. तू म्हणालीस, आधी शाळा तरी बघून येते. बघून आलीस आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटर शिकायला लागलीस. सुरुवातीला प्रत्येक वळणावर दोन्ही पाय खाली टेकवायचीस. आता पावसातही जातेस, आणि मीच खिडकीत उभा असतो.

दिवाळीनंतर ती बीडकडची मुलं आली. जेवताना तू त्यांच्या गावांची नावं सांगायचीस. हिला एवढी गावं कशी माहीत, असं मला वाटायचं. मग कळलं की नवीन मूल आलं की तू आधी त्याचं गाव विचारतेस, कारण गावाबद्दल बोलायला लागलं की ते रडायचं थांबतं. हे तुला कोणी शिकवलेलं नाही.

आईच्या गोळ्यांचा डबा मी आजवर एकदाच भरला. तो तू नंतर गुपचूप तपासलास, ते मी पाहिलं. या रविवारपासून डबा मी भरणार, तपासायचं काम तुझ्याकडे.

वर्ष चांगलं जावो. गुडघ्यासाठी सोमवारची वेळ घेतली आहे.

संध्याकाळी साडेसहाला निघू.’

हे वाचायला मिनिटभर लागतं. यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, ‘भाग्यवान’ नाही, एकही उपमा नाही. कौतुकाचं विशेषणसुद्धा नाही. ‘तू धाडसी आहेस’ असं लिहिण्याऐवजी वळणावर टेकवलेले पाय लिहिले आहेत, आणि धाडस तिथे आपोआप आलं आहे. शिवाय ‘तू धाडसी आहेस’ यावर ती ‘काहीतरीच काय’ म्हणू शकते. पाय टेकवत होती आणि आता टेकवत नाही, यावर तिला वाद घालता येत नाही. स्तुती सहजासहजी स्वीकारायची नाही असं वळण लागलेल्या पिढीच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे.

गावाच्या नावाचा परिच्छेद या मजकुराचं हृदय आहे, कारण त्यात त्यानं तिच्या कामाकडे तिचा नवरा म्हणून नव्हे, एक माणूस म्हणून बघितलेलं आहे. घराबाहेर काम करणाऱ्या बाईच्या वाढदिवसालासुद्धा घरातली माणसं फक्त तिच्या घरकामाचे गोडवे गातात, हे मला नेहमी खटकतं. आणि जी बाहेर जात नाही, तिलाही घरकामाखेरीज आवडीनिवडी, मतं, मैत्रिणी असतातच. ‘घरासाठी झिजलीस’ हे वाक्य तर काढूनच टाकावं. त्यात कौतुक कमी आणि झिजणं असंच चालू राहणार याची मूक संमती जास्त असते. गोळ्यांच्या डब्याचं वाक्य त्या जागी काय करतं ते पाहा. काम कोणाच्या अंगावर पडलं आहे हे ते मान्य करतं आणि त्यातला एक नेमका तुकडा उचलतं. ‘यापुढे मी तुला घरात मदत करेन’ असं मोघम वचन दिलं असतं तर ते मोडलं केव्हा हेही कळलं नसतं. रविवारचा डबा भरला की नाही, हे सोमवारी सकाळी कळतं.

‘प्रेम’ या शब्दाबद्दल थोडं. ज्या घरात तो एरवी उच्चारला जातो तिथे तो जरूर लिहावा. पण ज्या घरात चोवीस वर्षांत तो एकदाही आला नाही, तिथे पन्नासाव्या वाढदिवसाला त्याचं पदार्पण करू नये. तो शब्द तिथे डब केलेल्या सिनेमातून आल्यासारखा वाटतो आणि वाचणारी व्यक्ती गोंधळते. संबोधनाचंही तेच. घरात ‘अगं’ म्हणत असाल तर कागदावर ‘माझी प्रिय अर्धांगिनी’ कशाला? आपल्याकडे काही पिढ्यांनी नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. तरी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नवऱ्याचा उल्लेख नुसता ‘टिळक’ असा केला आहे. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाचे प्रसंग त्या हसत, कधी चिडत सांगतात, आणि त्याच प्रसंगांतून तो माणूस आपल्याला आवडायला लागतो. आडनावानं आपुलकी कुठे अडली नाही.

थट्टेची मर्यादा मात्र पाळावी लागते. गोळ्यांचा डबा तपासण्याची थट्टा लिहिणाऱ्यावर उलटते, म्हणून ती चालते. तिचं वजन, वय, स्वयंपाक, माहेर, खरेदी, ‘आमचं होम मिनिस्टर’ ही थट्टा चालत नाही, विशेषतः मजकूर चार लोकांत वाचला जाणार असेल तर. लोक हसतात, तीही हसते, आणि तुम्हाला वाटतं की जमलं. जमलेलं नसतं. आजारपणाचं वर्ष गेलं असेल तर त्याचा उल्लेख करावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. माझं मत असं की, तिनं त्या काळात काय केलं त्यावर लिहावं, तिला काय झालं होतं त्यावर नाही. आणि जुन्या भांडणाची माफी वाढदिवसाच्या मजकुरात मागू नये. तिला त्या दिवशी माफ करण्याचं काम लावल्यासारखं होतं. माफी मागायची असेल तर दुसरा दिवस धरावा.

बायकोनं नवऱ्याला लिहायचं असेल तेव्हा अडचण थोडी निराळी असते. तिला तपशील भरपूर ठाऊक असतात, पण ‘या वयात हे काय’ हा संकोच आड येतो. खेड्यापाड्यांतून आलेल्या कित्येक पुरुषांची तर वाढदिवसाचीच पंचाईत असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही तारीख टाकून दिलेली असते, कारण जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बरोबर बसायला हवं. त्यामुळे 1 जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो आणि मोबाइलवरच्या गटांमध्ये शुभेच्छांचा नुसता पूर येतो. खरा दिवस घरात सणाच्या मागेपुढे कुठेतरी सांगितलेला असतो. तो दिवस बायकोला माहीत असणं, हाच अर्धा मजकूर झाला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या नवऱ्याला असं लिहिता येईल :

‘अहो, कागदावरचा वाढदिवस जूनमध्ये होऊन गेला, तुमचा खरा दिवस आज. सासूबाई सांगायच्या की नागपंचमीचे दिंड वाफेवर होते तेव्हा तुम्ही आलात.

निवृत्त होऊन वर्ष झालं तरी तुम्ही चारला उठता आणि माझी झोप मोडू नये म्हणून अंधारातच पाणी पिऊन येता. मी जागीच असते.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला तुम्ही तोंडी हिशेब शिकवता ते मी दाराआडून ऐकते. सुट्ट्या पैशांची उदाहरणं देता आणि तो चुकला तरी घाई करत नाही. गर्दीच्या गाडीतही तुम्ही असेच असणार, हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं मी तुम्हाला कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

चष्म्याचा नंबर तपासून घेऊ. आज दिंड केले आहेत.’

इथे मजकूर लहान आहे आणि ‘मी जागीच असते’ या तीन शब्दांत त्यातला जिव्हाळा आहे. तो तिच्यासाठी काय करतो हे तिला माहीत आहे, आणि माहीत असल्याचं तिनं इतके दिवस सांगितलेलं नव्हतं. अशी एखादी गोष्ट प्रत्येक संसारात असते. ती सापडली तर बाकीचं लिहिलं नाही तरी चालतं. तिच्यावर मात्र स्पष्टीकरणाचं वाक्य चढवू नये. ‘मी जागीच असते, यावरून तुमची माया कळते’ असं लिहिलं की सगळं सांडलं.

संकोचाबद्दल एक दिलासा आहे. शिकागोतल्या निकोलस एप्ली आणि त्यांचे सहकारी अमित कुमार यांनी 2018 मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल हा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त निघाला, आणि समोरच्याला किती आनंद होईल हा अंदाज प्रत्यक्षाहून कमी. भाषा नीट साधेल का, याची काळजी लिहिणारे करत होते. वाचणारे त्यापेक्षा आपुलकीकडे बघत होते. म्हणजे शुद्धलेखनाच्या धास्तीनं कागद कोरा ठेवू नये.

मजकूर द्यायचा कसा, यावरही थोडा विचार करावा. आधी तिच्या किंवा त्याच्या हातात द्यावा, कुटुंबाच्या गटावर नंतर, आणि तोही विचारून. गटावर पाहुणेमंडळी असतात, तिथे गोळ्यांचा डबा हा सासूबाईंसमोरचा विषय होतो आणि गुडघा साऱ्या नातेवाइकांच्या सल्ल्याचा. साठीच्या समारंभात मोठ्यानं वाचायचा असेल तर त्यासाठी वेगळा मजकूर लिहावा, त्यात घराबाहेर दिसलेल्या गोष्टी घ्याव्यात. हातानं लिहिलेला कागद चांगलाच, पण अक्षर लागत नसेल तर फोनवर लिहून पाठवायला हरकत नाही. वेळ मात्र साधावी. सकाळी सात वाजता डबे भरले जात असताना हातात कागद दिला तर तो ओट्यावर पडतो आणि त्यावर हळदीचा डाग येतो. औक्षण झाल्यावर किंवा दुपारच्या चहाला द्यावा आणि दुसऱ्या खोलीत जावं. ‘वाचलंस का, कसं वाटलं’ असं विचारू नये. ती उत्तर देणार नाही असंही धरून चालावं. फार तर संध्याकाळी निघताना विचारेल, ‘सोमवारची वेळ किती वाजताची आहे?’